राउंडचा कागद

मोठे सर राउंडमध्ये पेशंटसमोर उभे राहून मोठ्याने विचार करत असतात. त्या विचारात आदेश येतात, शिकवणं येतं, कालच्या कामाची चौकशी येते, तीन बेड मागे राहिलेल्या पेशंटची आठवण येते. सगळं एका दमात आणि एकाच आवाजात. त्यांच्या मागे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट, म्हणजे जेआर वन, कागद घेऊन चालत असतो आणि त्याला या बोलण्यातून वॉर्डाचा पुढचा सगळा दिवस वेगळा काढायचा असतो. केसपेपरवर राउंडची नोंद होतेच, ती झालीच पाहिजे. पण केसपेपर एका पेशंटचा असतो. नऊ वाजून वीस मिनिटांनी कोणी कुठे असायला हवं, हे तीस केसपेपर चाळून कोणाला कळणार?

त्या कागदाबद्दल हे लिहितोय. यादी कशी करावी यावर सल्ले पुष्कळ मिळतात. बोललेल्या वाक्यातून काम कसं सोडवून घ्यायचं, हे मात्र जेआर वनला कोणी बसवून शिकवत नाही.

उदाहरण सोलापुरातल्या मेडिसिनच्या पुरुष वॉर्डाचं घेऊ. ऊसतोडीचा हंगाम चालू आहे. बेड भरलेले आहेत, दोन बेडच्या मधल्या जागेत गाद्या टाकलेल्या आहेत. पेशंट मंगळवेढा, मोहोळ, अक्कलकोटचे, आणि सीमेपलीकडून इंडी-विजयपूरकडचेही. वेळ सकाळी नऊ वाजून दहा मिनिटं. सर चार नंबरशी उभे आहेत आणि बोलतायत:

"हे रात्री आलेले ना, मंगळवेढ्याचे? ऊस तोडताना. घोणस म्हणतायत, बघितला का कोणी? बरं. एएसव्ही दहा गेल्या, कधी, साडेतीनला? क्लॉटिंग परत बघा. पायावर मार्क केलंय का? सूज वर चढली तर सर्जरीला दाखवून ठेवा. लघवी बघत राहा, घोणसमध्ये किडनी जाते, लक्षात ठेवा, परीक्षेलाही विचारतात. क्रिएटिनिन रात्री झालं, आजही पाठवा. ते सात नंबरचं पोटॅशियम काय आलं काल? सहा पॉइंट एक? मग ते बीपीचं बंद करा की. ईसीजी काढला का? आणि हे काय, अकरा नंबर अजून इथेच? परवा डिस्चार्ज सांगितलाय मी! कार्ड कोण लिहिणार? चला. हे पंधरा, यंत्रमागवाले. छातीत पाणी आहेच. एचआरसीटी करून घ्या… नाही, थांबा, आधी पाणी काढा, पाठवा सगळं, मग बघू. आयएनआर बघून घ्या त्याआधी. अशा पेशंटमध्ये एचआयव्हीसुद्धा करावी."

दीड मिनिटाचं बोलणं. यातून नीट मोजली तर पंधराच्या वर कामं निघतात. त्यातलं एक वीस मिनिटांत करायचं आहे, एक पन्नास मिनिटांच्या आत केसपेपरवर लिहून झालं पाहिजे, आणि ज्या गोष्टीसाठी सरांचा आवाज चढला ती दुपारपर्यंत थांबू शकते.

पहिली पायरी राउंडच्या आधीची, साधारण साडेआठची. ए-फोर कागद उभा दुमडायचा, आणि डावीकडच्या अरुंद पट्टीत बेड नंबर आधीच लिहून ठेवायचे, प्रत्येक बेडला चार ओळींची जागा सोडून. तीस बेडना दोन कागद पाठपोट पुरतात. बेड नंबरच्या खाली आडनावाचं पहिलं अक्षर आणि आयपीडी नंबरचे शेवटचे तीन आकडे. नुसता बेड नंबर भरलेल्या वॉर्डात धोक्याचा असतो, कारण दुपारी चार नंबरचा पेशंट आयसीयूत जातो, खाली गादीवरचा चारवर येतो, आणि सकाळच्या यादीतलं "४ : रक्त घेणे" भलत्याच हाताला सुई टोचतं. पूर्ण नाव मात्र लिहू नये. हा कागद खिशातून पडतो, चहाच्या टेबलावर राहतो. त्याचा फोटो काढून वॉर्डाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची सवयही त्याच कारणाने सोडावी.

ओळी आधी आखण्याचं कारण सरांच्या बोलण्यातच आहे. चार नंबरशी उभं राहून ते सात नंबरबद्दल बोलतात. वहीत एकाखाली एक लिहीत जाणारा "बीपीचं बंद" हे चार नंबरच्या खाली लिहितो, आणि दोन तासांनी साप चावलेल्या माणसाच्या औषधांत बीपीची गोळी शोधत बसतो. ओळी आखलेल्या असल्या की सरांचं वाक्य उडी मारतं तेव्हा हातही सातच्या ओळीवर उडी मारतो. राउंडमध्ये लिहिताना वाक्यं लिहू नयेत, क्रियापद आणि वस्तू एवढंच: "क्रिएट पाठव", "ईसीजी काढ". कालची राहिलेली कामंही साडेआठलाच त्या त्या ओळीत उतरवून ठेवावीत, म्हणजे "कालचं काय झालं" या प्रश्नाला पानं उलटत उत्तर द्यावं लागत नाही.

शंका असेल तिथे मात्र उलटं करायचं. तिथे सरांचे शब्द जसेच्या तसे लिहायचे आणि समासात प्रश्नचिन्ह टाकायचं. "बीपीचं बंद" असंच लिहायचं, "एनालाप्रिल बंद" असं स्वतःच्या अंदाजाने नाही. सात नंबर एनालाप्रिलवरही आहे आणि अम्लोडिपिनवरही. पोटॅशियम वाढलंय म्हणजे सरांच्या डोक्यात एनालाप्रिल असणार, कारण ते पोटॅशियम अडवून ठेवतं आणि अम्लोडिपिनचा त्याच्याशी संबंध नाही. अंदाज बहुतेक बरोबरच असेल. तरी तो अंदाज आहे, आणि औषध बंद करण्याचा आदेश अंदाजावर लिहायचा नसतो.

आता वाक्य फोडायचं. माझ्या मते सगळ्यात जास्त कामं इथेच हरवतात, म्हणून जरा थांबून बघू. "पाणी काढा, पाठवा सगळं" हे ऐकायला एक वाक्य आहे. करायला बसलं तर आधी पाणी काढण्याची संमती. त्याच्याही आधी प्लेटलेट आणि आयएनआर, म्हणजे रक्त नीट गोठतंय का ते. मग प्रत्यक्ष पाणी काढणं. आणि मग ते पाणी एका बाटलीत जात नाही. प्रोटीन, एलडीएच आणि एडीए बायोकेमिस्ट्रीला, साखरेसाठी फ्लोराइडची राखाडी झाकणाची नळी, पेशी मोजायला ईडीटीएची जांभळी, कल्चर आणि क्षयरोगाच्या सीबीनॅटला निर्जंतुक बाटल्या, सायटॉलॉजीला वेगळी. वेगवेगळे फॉर्म, वेगवेगळ्या खिडक्या. पाणी निघाल्यावर हे आठवत बसलं तर हमखास एक नळी कमी पडते, आणि दुसऱ्या दिवशी एडीएच्या एका नळीसाठी त्याच माणसाच्या छातीत पुन्हा सुई घालायची वेळ येते. म्हणून कागदावर "पाणी काढणे" याच्याखाली नळ्या आणि बाटल्या एकेक करून लिहायच्या.

या वाक्यात एक न बोललेलं कामही आहे. पाण्यातलं प्रोटीन आणि एलडीएच एकटं वाचून फार अर्थ लागत नाही. ते रक्तातल्या प्रोटीन आणि एलडीएचशी ताडून पाहायचं असतं, म्हणजे पाणी सूज-संसर्गाचं की हृदय-यकृताच्या दाबाचं हे ठरतं. म्हणून त्याच दिवशी रक्ताचा नमुनाही जायला हवा. सर हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी "पाठवा सगळं" यात ते आलंच. असं गृहीत धरलेलं काम कागदावर वेगळ्या खुणेने लिहावं, मी अधिकचं चिन्ह सुचवेन. विचारताना कळतं की हे सरांचं बोललेलं नाही, आपण भर घातलेली आहे.

"एचआरसीटी करून घ्या… नाही, थांबा" इथे छातीच्या सीटीचा आदेश दिला आणि मागे घेतला. तो खोडायचा, पण एकच रेघ मारून, खालचं वाचता येईल असा, आणि शेजारी लिहायचं: "पाण्याचा रिपोर्ट आला की सरांना विचारणे". पूर्ण पुसलं तर मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या कोणीतरी "एचआरसीटी" एवढाच शब्द ऐकलेला असतो आणि तो दुपारी फॉर्म भरून टाकतो. रेघ मारलेली नोंद दाखवून त्याला थांबवता येतं.

"सूज वर चढली तर सर्जरीला दाखवा" हा अटीचा आदेश आहे. अट कोण बघणार, किती वेळाने आणि कशावरून, हे ठरलं नाही तर तो आदेश कागदावर असून नसल्यासारखा. पायावर सुजेच्या वरच्या कडेला पेनने रेघ आणि शेजारी वेळ, ही झाली कशावरून. दर दोन तासांनी नवी रेघ, ही झाली किती वेळाने. "लघवी बघत राहा" याचंही तेच. बघत राहणं हे काम होत नाही, कारण ते कधी पूर्ण होत नाही आणि कधी चुकलं तेही कळत नाही. पेशंट साठ किलोचा असेल तर तासाला अर्धा मिली प्रतिकिलो या नेहमीच्या मापाने तीस मिली होतात. मग कागदावर येतं: "तासाची लघवी मोजून लिहिणे, सलग दोन तास ३० मिलीच्या खाली गेली तर जेआर थ्रीला फोन." दोन तास की तीन, हे सर किंवा सिनियर ठरवतील. आकडा मात्र त्यांच्याकडून घेतलाच पाहिजे.

उरला शेवटचा प्रकार, शिकवण्याचा. "अशा पेशंटमध्ये एचआयव्हीसुद्धा करावी" हे या पेशंटसाठी सांगितलं की मागे उभ्या विद्यार्थ्यांसाठी? क्षयरोगाची शंका असलेल्या पेशंटमध्ये ही तपासणी करायचीच असते, त्यामुळे बहुधा दोन्हीसाठी. तिला आधी समुपदेशन आणि संमती लागते, म्हणजे माणूस वेगळा, खोली वेगळी, वेळ वेगळी. इथेही प्रश्नचिन्ह.

आता कागदावर प्रश्नचिन्हं तीन-चार जमली आहेत. ती सर वॉर्डाच्या दाराबाहेर पडायच्या आत सोडवायची. नंतर फोन करून विचारता येतं, पण तेव्हा सर ओपीडीत असतात, समोर चाळीस पेशंट असतात, आणि "सात नंबर म्हणजे कोण?" पासून सुरुवात करावी लागते. दाराशी अर्धा-पाऊण मिनिट मागून घ्यावं आणि फक्त दोन प्रकारच्या ओळी वाचाव्यात: शंकेच्या आणि तातडीच्या. सगळी यादी वाचायला घेतली तर सर तिसऱ्या ओळीला चालू लागतात, आणि ते रास्तही आहे.

विचारायचं असं की उत्तर एका शब्दात मिळावं. "सर, सातचं एनालाप्रिल बंद, अम्लोडिपिन चालू?" "हो, एनालाप्रिल." "पंधराला पाण्यासोबत रक्ताचं प्रोटीन-एलडीएच पाठवतो. एचआयव्हीचं समुपदेशन आज लावू?" "लावा." "चारच्या लघवीला, दोन तास तीसच्या खाली तर जेआर थ्री मॅडमना सांगतो." "दोन नको, घोणस आहे. एका तासाला सांगा." बघा, मघाचा आपला आकडा इथे बदलला. मोघम "बघत राहा" वर सगळे माना डोलावून पुढे गेले असते तर सरांच्या मनातला आकडा कोणालाच कळला नसता.

हे वाचणं मोठ्याने, आणि ज्याचं काम आहे त्याच्याकडे एकदा बघून. त्यालाही तिथेच कळतं की हे आपल्याकडे आलं.

आता कामांचा क्रम लावणं. पुष्कळ ठिकाणी लाल, पिवळा, हिरवा असे रंग वापरतात. मला ते पटत नाही. रंगाला शेवट नसतो. सकाळी दहापर्यंत निम्मी यादी लाल होते, आणि लाल कामांमध्ये आधी कोणतं हे पुन्हा ठरवावं लागतं. त्यापेक्षा प्रत्येक ओळीपुढे एक वेळ लिहावी. काम कधी करायला सोयीचं आहे ती नाही. किती वाजल्यानंतर ते करून उपयोग उरत नाही, किंवा नुकसान होतं, ती. ही वेळ आजाराच्या गंभीरपणावरून थेट मिळत नाही आणि सरांच्या आवाजावरून तर अजिबात नाही. ती मिळते दुसऱ्याच गोष्टींवरून: शरीरात काय घडायला किती वेळ लागतो, पुढचं औषध किती वाजता आहे, कोणती खिडकी कधी बंद होते, ड्यूटी कधी बदलते.

चार नंबरचं क्लॉटिंग घ्या. सर त्याबद्दल अगदी सहज बोलले. सापाच्या विषावरच्या औषधाचा, म्हणजे एएसव्हीचा, पहिला डोस साडेतीनला. विष उतरलं असेल तर यकृताला रक्त गोठवणारे घटक पुन्हा तयार करायला साधारण सहा तास लागतात, म्हणून पुढची तपासणी सहा तासांनी, म्हणजे साडेनऊला. तेव्हाही रक्त गोठलं नाही तर दुसरा डोस द्यायचा असतो. राउंड अकरा वाजता संपणार असेल आणि "राउंड झाला की करू" म्हटलं, तर दुसऱ्या डोसाचा निर्णय दीड-दोन तास मागे जातो आणि तेवढा वेळ त्या माणसाचं रक्त न गोठता वाहत राहतं. म्हणून हे काम राउंड चालू असतानाच कोणीतरी बाजूला जाऊन करायचं.

ही तपासणी दिसायला सोपी आहे आणि तिथेच ती फसते. दोन मिली ताजं रक्त, नव्या, कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत. प्लास्टिकच्या नळीत रक्त काचेसारखं गोठायला लागत नाही, आणि साबणाने धुतलेल्या काचेतही तेच होतं. मग न गोठलेलं रक्त बघून नको असलेला डोस दिला जातो. नळी बेडशेजारी उभी ठेवायची, वीस मिनिटं हात लावायचा नाही, मग एकदाच तिरकी करून बघायचं. मध्येमध्ये हलवून "झालं का" बघणाऱ्याची तपासणी वाया जाते. कागदावर ही दोन कामं होतात: ९:३० नळी भरणे, ९:५० नळी वाचणे. दुसरी ओळ नसली तर नळी भरून ठेवलेला इंटर्न दुसऱ्या बेडवर रक्त घ्यायला जातो आणि नळी साडेदहापर्यंत तशीच उभी राहते.

सात नंबरचा ईसीजी लगेच, कारण पोटॅशियमचा हृदयावर परिणाम झालाय का हे तो दहा मिनिटांत सांगतो आणि रक्ताचा रिपोर्ट नाही. टोकदार उंच टी लाटा किंवा रुंदावलेला क्यूआरएस दिसला तर रिपोर्टची वाट न बघता सिनियरला बोलवायचं, हे त्याच ओळीत लिहायचं. सोबत पोटॅशियम परत पाठवायचं. रक्त घेताना पट्टा फार वेळ बांधून ठेवू नये, बारीक सुईतून जोराने ओढू नये, नळी घुसळू नये. लाल पेशी फुटल्या की त्यांच्यातलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच वाढतो. मग "हिमोलाइज्ड" असा शेरा येतो आणि तास-दोन तास गेले.

आणि त्याच बेडचं "एनालाप्रिल बंद". याला तातडीचं कोणी म्हणत नाही. पण सकाळची औषधं दहा वाजता वाटली जातात. सिस्टर ट्रीटमेंट शीट बघून औषध देतात, सरांचं बोलणं ऐकून नाही, आणि तसंच असायला हवं. शीटवर गोळी खोडून सही-वेळ दहाच्या आत पडली नाही तर आजची गोळी पोटात गेली. थांबवण्याच्या प्रत्येक आदेशाची वेळ म्हणजे पुढच्या डोसाची वेळ, हा नियम मनात पक्का असावा. नवं औषध सुरू करणं सगळ्यांच्या लक्षात राहतं, बंद करणं राहतं मागे.

पंधराच्या पाण्याचं गणित उलट्या बाजूने करायचं. समजा लॅबमध्ये रूटीन नमुने दुपारी एकपर्यंत घेतात. तुमच्याकडची वेळ वेगळी असेल तर ती धरा. मग पाणी बारापर्यंत निघायला हवं, त्यासाठी आयएनआरचा रिपोर्ट साडेअकराला हातात हवा, म्हणजे रक्त साडेनऊच्या आसपास गेलं पाहिजे. जे काम दुपारचं वाटत होतं त्याची सुरुवात आत्ता आहे. आयएनआरची निळ्या झाकणाची नळी खुणेच्या रेषेपर्यंत भरलीच पाहिजे. आत सायट्रेट मोजून घातलेलं असतं, एका भागाला नऊ भाग रक्त असं. रक्त कमी पडलं तर सायट्रेटचं प्रमाण वाढतं आणि आयएनआर खोटाच जास्त येतो, आणि मग त्या खोट्या आकड्यापायी पाणी काढणं उद्यावर ढकललं जातं.

अकरा नंबर, ज्याच्यावरून सर रागावले, त्याचं डिस्चार्ज कार्ड साडेबारापर्यंत. राग रास्त आहे, खाली गादीवर माणूस बेडची वाट बघतोय. अक्कलकोटची एसटी मिळून घरी पोचायचं असेल तर त्या घरच्यांनाही दुपारीच सुटका हवी. पण साडेनऊच्या आत कार्ड लिहायला बसणारा जेआर सरांचा राग शांत करतो आणि चारची नळी सोडतो.

आता माणसं. मालकाच्या रकान्यात पदनाम लिहू नये, नाव लिहावं. "इंटर्न" लिहिलं की तिन्ही इंटर्न समजतात की दुसरा करतोय. सरांच्या बोलण्यात कर्ता नसतोच, "पाठवा", "काढा", "बघा" हे मागे उभ्या सात जणांना मिळून सांगितलेलं असतं. एका ओळीला एकच नाव, आणि ते वॉर्डातल्या माणसाचं. सोनोग्राफीची तारीख रेडिओलॉजी देईल, महात्मा फुले आरोग्य योजनेची पूर्वमंजुरी आरोग्यमित्राच्या हातून जाईल, नमुना वॉर्डबॉय मामा घेऊन जातील. तरीही त्या ओळीचा मालक तो, ज्याने जाऊन "झालं का" विचारायचं.

नातेवाइकांकडेही कामं असतात आणि ती यादीत यायला हवीत. अकरा नंबरच्या मुलाने रेशनकार्डाची झेरॉक्स आणून आरोग्यमित्राला दाखवायची, महात्मा फुले योजनेचे कागद पूर्ण व्हायला ती लागते. सोलापुरात त्या ओळीपुढे भाषाही लिहावी: कन्नड, तेलुगू. सांगणारा मराठीत सांगतो, समोरच्या मावशी मान हलवतात, आणि दुपारी कळतं की त्यांना फक्त "कागद" एवढंच समजलं होतं. वॉर्डात कन्नड येणाऱ्या सिस्टर किंवा मामा जवळजवळ नेहमी असतात, त्यांच्यामार्फत सांगायचं आणि मावशींकडून परत वदवून घ्यायचं.

नावं टाकून झाली की एक नजर फक्त वेळेच्या रकान्यावरून खाली न्यायची. एकाच माणसापुढे एकाच वेळेला दोन बेड आले असतील तर ते आत्ता दिसतं. आपल्या उदाहरणाचा कागद साधारण असा होतो. नावांच्या जागी क, ख, ग घेतलेत. क, ख इंटर्न, ग जेआर वन, घ जेआर टू, च ड्यूटीच्या सिस्टर.

९:२० – बेड ७ – ईसीजी, काढून लगेच घ ला दाखवणे – ख
९:३० – बेड ४ – काचेची नळी भरणे, त्याच सुईत क्रिएटिनिन – क
९:३५ – बेड ७ पोटॅशियम. बेड १५ आयएनआर, प्लेटलेट, प्रोटीन, एलडीएच – ख
९:४५ – बेड ७ – एनालाप्रिल शीटवर खोडून सही, सिस्टरना तोंडी – घ
९:५० – बेड ४ – नळी वाचणे, गोठलं नाही तर राउंडमध्ये येऊन सांगणे – क
१०:०० पासून – बेड ४ – तासाची लघवी, ३० च्या खाली तर जेआर थ्रीला फोन – च
१०:०० पासून दर २ तासांनी – बेड ४ – सुजेची रेघ, वर चढली तर सर्जरी कॉल – क
११:३० – बेड १५ – आयएनआर आणणे, संमती, नळ्या-बाटल्यांवर लेबल – ख
१२:०० – बेड १५ – पाणी काढणे – घ, सोबत ख
१२:३० – बेड ११ – डिस्चार्ज कार्ड – ग
१:०० – बेड १५ – एचआयव्ही समुपदेशनाला नेणे – ख

ग राउंडसोबत राहतो, कारण पुढचे पंधरा बेड त्याच कागदावर यायचे आहेत. क ची ९:३० आणि ९:५० मधली वीस मिनिटं मोकळी दिसतात. त्यात त्याला दुसरा बेड देऊ नये. द्यायचंच तर चार नंबरशी बसून करण्यासारखं, म्हणजे सुजेची पहिली रेघ. ख कडे सकाळी गर्दी झाली आहे. तिसरा इंटर्न असेल तर ९:३५ ची ओळ त्याच्याकडे जावी.

ओळीपुढे एक रिकामा गोल असावा. नमुना गेला की अर्धा भरायचा. रिपोर्ट आला, कोणीतरी वाचला आणि पुढचं ठरलं, तरच पूर्ण. नमुना पाठवला की काम संपलं असं सगळ्यांनाच वाटतं, हाताला तेवढंच काम असतं म्हणून. पण पोटॅशियम ६.८ येऊन लॅबच्या खिडकीत पडून राहिलं तर पाठवलं काय आणि न पाठवलं काय, त्या पेशंटला फरक पडत नाही. साडेबाराला आणि पुन्हा चारला एकदा फक्त अर्धे गोल मोजावेत. पूर्ण रिकामा गोल कोणाच्या तरी डोळ्यांवर येतोच. अर्धा येत नाही.

संध्याकाळी ड्यूटी बदलताना हा कागद नुसता हातात देऊ नये. रात्रीच्या डॉक्टरला तीस बेडची यादी नको असते. त्याला अर्धे गोल हवे असतात, आणि प्रत्येकापुढे एक वाक्य: काय यायचंय, कधी, आणि आलं तर काय करायचं. चार नंबरचं सकाळचं रक्त गोठलं नाही, १०:१५ ला दुसरा डोस सुरू झाला असं धरू. मग पुढची नळी ४:१५ ला. ती भरायची क ने, पण ४:३५ ला वाचायची वेळ आणि त्याची ड्यूटी संपायची वेळ जवळजवळ एकच. अशी ओळ दोन माणसांच्या मधे पडते. ती वाचूनच क ने जावं, किंवा घेणाऱ्याने बेडपाशी येऊन नळी डोळ्यांनी बघून "घेतली" म्हणावं आणि कागदावर क चं नाव खोडून स्वतःचं लिहावं. आज न झालेलं काम उद्याच्या कागदावर उतरवताना शेजारी कारणही लिहावं: "मशीन बंद", "नातेवाईक आले नाहीत", "पेशंट नको म्हणाला". सर दुसऱ्या दिवशी नेमकं तेच विचारतात, आणि कारण लिहिलेलं असलं की काम पुन्हा सांगावं लागत नाही, अडचण तेवढी सोडवायची राहते.